कल्ला

रत्नागिरीत दुकानदाराने गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ म्हटलं, तर गिऱ्हाईक आधी मागे वळून बघतं, की आपल्या पाठीमागे कुणी पाहुणा तर उभा नाही ना. आमच्याकडची रीत वेगळी आहे. तुम्ही पायरी चढता. मालक वर्तमानपत्राच्या कडेवरून तुमच्याकडे बघतो आणि ‘काय?’ एवढंच विचारतो. तुम्ही वस्तूचं नाव सांगता. ‘नाही’ असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते वस्तू विकून कधी पसरत नाही. राम आळीतून मारुती मंदिराकडे जाईपर्यंत असे चार-पाच ‘काय?’ झेलले, की नवख्या माणसाला वाटतं, या गावाला विकायचं काही नाहीच. मे महिन्यात आंबा जातो, तोही स्वतःच्या पायाने.

अशा गावात, याच हवापाण्यावर, मासेवाली मावशी कशी निपजली हे मला न सुटलेलं कोडं आहे.

मावशी म्हणजे कुणी एक बाई नव्हे. मिरकरवाड्याच्या बंदरावर माल घेऊन गावात येऊन बसणाऱ्यांपैकी कुठलीही एक घ्या. पालथ्या क्रेटवर निळं प्लॅस्टिक, त्यावर मासे मांडलेले, शेजारी बर्फ भरलेला थर्माकोलचा खोका, मागे सुरमई तोडायला लाकडाचा ओंडका आणि कोयता, डोक्यावर कुठल्या तरी सिमेंट कंपनीची छत्री. पैशाची पिशवी कमरेला. हातात दह्याचा रिकामा डबा, त्यातून मधूनमधून माशांवर पाणी शिंपडायचं. एवढ्या सामग्रीवर ती जे करते, ते पाहायला मी गरज नसतानाही बाजारात जाऊन उभा राहतो. घरी सांगतो, कोथिंबीर आणायला गेलो होतो.

मावशीला आवाज तीन आहेत. पहिला लांबचा. तो दहा-पंधरा पावलांपलीकडच्यांसाठी. त्यात फक्त नाव असतं: ‘बांगडाऽऽ, बांगडा!’ ताजा नाही, स्वस्त नाही, मस्त नाही. विशेषण एकही नाही. लांबचा माणूस विशेषणावर विश्वास ठेवत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. दुसरा आवाज मधला, पाच-सहा पावलांवरचा. त्यात माशाचं नावच नसतं, फक्त नातं असतं: ‘ओ वहिनी’, ‘ये गो बाय’, ‘काय भावजी, दिसला नाय?’ आणि तिसरा आवाज जवळचा, जवळजवळ कुजबुज. ‘सुरमई आहे. वर काढली नाय. तुमच्यासाठी ठेवलीय.’ हीच सुरमई तिने त्या सकाळी आणखी तिघींसाठी ठेवलेली असते. तिघीही आपण खास आहोत अशा चेहऱ्याने पिशवी सावरत निघून जातात.

या तीन आवाजांचं गणित माहीत झालं, की बाजारात नुसत्या कानांनी फिरता येतं. मोठ्याने काय ओरडलं जातंय ते ऐका. पापलेटाची हाळी तुम्ही क्वचितच ऐकाल. पापलेट बर्फात टिकतं, हॉटेलवाला येतो, मुंबईची गाडी येते, त्याची काळजी वाहायला अर्धं जग आहे. सुरमईचंही तेच. ओरडावं लागतं ते बांगड्यासाठी. तो आला की ढिगाने येतो, भाव एका सकाळीत कोसळतो, आणि तेलकट मासा असल्यामुळे उन्हात लवकर बिघडतो. म्हणजे हाळी सांगते ती माशाची थोरवी नव्हे, त्याची घाई. सकाळी आठची हाळी आणि दुपारी साडेबाराची हाळी यांत शब्द तेच असतात, पण बाराच्या पुढे ‘बांगडा’तला ‘डा’ लांबत जातो. मला तर वाटतं, एकट्या त्या ‘डा’वरून भाव सांगता येईल. साडेबाराला मावशीचा आवाज टिपेला पोचला, की अनुभवी बायका पिशवी घेऊन घराबाहेर पडतात. वाटा निम्म्यात मिळतो, फक्त तो त्याच दुपारी तव्यावर जायला हवा.

आता मधल्या आवाजाकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे. कुणाला काय म्हणायचं हे मावशी माणूस सहा पावलांवर असताना ठरवते. आधी ती चेहरा बघत नाही, हात बघते. हातात घडी केलेली जुनी कापडी पिशवी आणि तिच्यात स्टीलचा डबा असेल, तर हे गिऱ्हाईक घरून मासे न्यायचे ठरवूनच निघालेलं आहे. त्याला हाक मारण्यात दम घालवायचा नाही, नुसतं ‘ये’ म्हणायचं. हात रिकामे असतील, तर तो बघ्या. त्याला नात्यात ओढावं लागतं. पन्नाशीची बाई असेल तर ‘वहिनी’, कारण ‘काकू’ म्हटलं की ती पुढच्या क्रेटकडे जाते. लग्नाला वर्ष न झालेली असेल तर ‘बाय’. तिच्याबरोबर सासू असेल तर सगळा संवाद सासूशी आणि सगळी नजर सुनेकडे, कारण उद्यापासून बाजाराला कोण येणार हे दोघींच्या आधी मावशीला कळलेलं असतं. गणपतीपुळ्याला जाणारी मोठी गाडी थांबून काळा चष्मा उतरला, तर ‘दादा’. अर्ध्या चड्डीतल्या साठीच्या गृहस्थालाही ‘दादा’. त्याची बायको गाडीच्या काचेआडून हसते आणि तिथेच पापलेटाचा भाव दीडपट होतो.

जपानात दुकानात शिरलं की सगळे नोकर एका सुरात ‘इराश्शाइमासे’ म्हणतात, म्हणजे या, स्वागत आहे. त्याला गिऱ्हाइकाने उत्तर द्यायचं नसतं. तशी रीतच नाही. फार सभ्य पद्धत आहे, पण मावशीला ती बिनकामाची वाटेल. तिच्या स्वागताला उत्तर द्यावंच लागतं. ‘काय भावजी, दिसला नाय?’ याला गप्प बसणं म्हणजे नातं नाकारणं. आणि उत्तर द्यायचं तर पाय थांबतात. पाय थांबले की मान वळते, मान वळली की नजर क्रेटवर पडते, आणि पुढचं काम बांगडा करतो.

एक उदाहरण मी जवळून पाहिलं. बँकेत नव्याने बदलून आलेला एक तरुण. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात कोथिंबिरीची जुडी. माशांच्या बाजूने जाताना त्याने श्वास रोखून धरलाय हे लांबून दिसत होतं. मावशीने त्याला बांगडा दाखवला नाही.

‘काय रे बाळा, कुठला तू?’

श्वास सोडल्याशिवाय उत्तर देता येईना. ‘लातूर.’

‘म्हणजे आईपासून लांब. जेवतोस कुठे?’

‘खानावळीत. कधीकधी रूमवर.’

‘मासे खातोस?’

‘कधी आणले नाहीत. कळत नाही त्यातलं.’

‘मग कळून घे. कळायला पैसे नाय लागत. हा उचल.’

त्याने दोन बोटांनी, परीक्षेची उत्तरपत्रिका उचलावी तसा, बांगडा उचलला. मावशीने त्याचं बोट धरून माशाच्या गालाखाली सरकवलं. ‘हा कल्ला. उघड. कसला रंग?’

‘लाल.’

‘डोळा बघ. वर आलाय की आत गेलाय?’

‘वर. चकचकीत आहे.’

‘पोटाला दाब. खड्डा राहतो?’

‘नाही. भरतोय परत.’

मग तिने मागच्या टोपलीतून दुसरा बांगडा काढून त्याच्यासमोर धरला. याचा कल्ला विटकरी, डोळा धुरकट, आणि डोकं धरून आडवा धरला तर शेपूट मान टाकल्यासारखी खाली आली. ‘हा कालचा. आता सांग, तुझ्या आईने कुठला आणला असता?’

‘पहिला,’ तो म्हणाला.

‘शाबास,’ म्हणत मावशीने पहिल्या वाट्यातले आठही बांगडे तराजूशिवाय त्याच्या पुढ्यात सरकवले. ‘तीनशेचा वाटा आहे. तू पोरगा आहेस, अडीचशे दे.’

‘मावशी, मी एकटाच आहे. आठ कोण खाणार?’

‘मग चार ने. दीडशे दे.’

अडीचशेचे निम्मे सव्वाशे होतात. हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. पण त्याने नुकतीच एक परीक्षा पास केली होती आणि पास झालेला माणूस फी तपासत नाही. त्याने दीडशे दिले. मावशीने चारही बांगडे विळीवर साफ करून दिले, वर सांगितलं, ‘हळद, मीठ, मिरचीची पूड नि आगळ लाव, पाव तास ठेव, तांदळाच्या पिठात घोळव नि तव्यावर टाक. रविवारी ये, तिरफळ देते, मग कढी शिकवते.’ म्हणजे पुढच्या रविवारच्या गिऱ्हाइकाला हाक मारून झाली.

या सगळ्या संवादात ‘बांगडे हवेत का?’ हा प्रश्न कुठेच नाही, हे लक्षात घ्या. हवेत का विचारलं असतं तर ‘नको’ हे उत्तर त्याच्या ओठांवर घरून निघतानाच तयार होतं. तिने त्याला अशी उत्तरं द्यायला लावली जी त्याला देता येत होती: गाव कुठलं, रंग कसला, खड्डा राहतो का. दर उत्तराला तो एक बोट क्रेटकडे सरकला. १९६६ साली अमेरिकेत फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रयोगाने तपासलं होतं. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या गृहिणींना फोन करून आधी साबणाबद्दल काही किरकोळ प्रश्न विचारले. काही दिवसांनी पुन्हा फोन करून सांगितलं, की पाच-सहा माणसं तुमच्या घरी येतील आणि दोन तास कपाटं उघडून कुठल्या वस्तू वापरता त्याची यादी करतील. ज्यांना थेट ही मागणी केली त्यांतल्या २२ टक्के बायका तयार झाल्या. ज्यांनी आधी साबणाचे प्रश्न सोसले होते त्यांतल्या निम्म्याहून जास्त. मला ते वाचून दोन तास कपाटं उघडी टाकणाऱ्या त्या बायकांची काळजीच वाटली. त्यांच्या गल्लीत मावशी बसत असती तर घरोघर सुरमई गेली असती.

पण मावशी त्या दोघांपेक्षा एका बाबतीत सरळ आहे. तिने कालचा बांगडाही दाखवला. पारख शिकवलेलं गिऱ्हाईक उद्या तिच्याच मालाचा कल्ला उघडणार, हे कळूनही दाखवला. यात धंदा आहेच. बांगडा नीट बर्फात ठेवला नाही तर त्यात हिस्टामाइन नावाचं द्रव्य तयार होतं. खाल्लं की अंगाला खाज सुटते, तोंड लाल होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. शिळा बांगडा खाऊन अंगावर गांधी उठलेला माणूस पुन्हा कधी मासळीबाजारात येत नाही. त्याला कुठल्याही नात्याने हाक मारा. अर्थात कल्ल्यावरही डोळे मिटून विसंबू नये. बर्फाच्या पाण्यात बराच वेळ बुडालेल्या चांगल्या माशाचाही कल्ला फिका पडतो. म्हणून डोळा, पोट आणि वास हेही बघायचे. मावशी वासाचं मात्र कधी शिकवत नाही. ते तिचं गुपित म्हणायचं की तिचा माणुसकीचा भाग, हे माझं ठरलेलं नाही.

सगळ्यांवर हाक चालतेच असं नाही. आमच्या गावात निवृत्त शिक्षकांची एक जात आहे, तिच्यापुढे मावशीचे तिन्ही आवाज थकतात. धोतर किंवा ढगळ पँट, काखेत छत्री, ऑक्टोबरातसुद्धा. मावशी म्हणते, ‘या गुरुजी, दिसला नाय?’ गुरुजी थांबतात. तिथेच तिचा डाव उलटतो, कारण गुरुजींना थांबायचंच असतं. ‘दिसणार कसा? तू डोळे भावाकडे लावून बसलेली,’ असं म्हणून ते सुरू होतात. पूर्वी बांगडा कसा मिळायचा, त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा आता कुठे साहेब आहे, भाट्याच्या पुलावर परवा काय झालं. मावशीच्या हाकेला नुसतं उत्तर नाही, व्याख्यान मिळतं. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळतात आणि शेवटी पुढच्या क्रेटकडे जातात. अखेर मावशी स्वतःच दोन बांगडे पुड्यात बांधून हातात देते, ‘घ्या गुरुजी, पैसे राहू दे, घरी वाट बघत असतील.’ रत्नागिरीत गिऱ्हाइकाने विक्रेत्याला हाकलून लावायला भाग पाडून वर मासे मिळवण्याची ही एकच पद्धत मला माहीत आहे, आणि तिला वयाची साठ वर्षं लागतात.

हल्ली मावशीच्या शेजारी एक टेम्पो लागतो. त्यात कांदे-बटाटे असतात आणि टपावर भोंगा. भोंग्यात कुणाचा तरी आवाज भरलेला आहे, बहुधा घाटावरचा: ‘पन्नासला दोन किलो, पन्नासला दोन किलो.’ आवाज मावशीपेक्षा मोठा, न थकणारा, आणि सगळ्यांना सारखा. वहिनीलाही पन्नासला दोन किलो, गुरुजींनाही पन्नासला दोन किलो. गिऱ्हाईक पुढ्यात येऊन पिशवी उघडून उभं राहिलं तरी भोंगा त्याच्या कानात ओरडतच असतो, कारण माणूस आला हे त्याला कळत नाही. एकदा माल संपला आणि पोरगा भोंगा बंद करायला विसरून चहाला गेला. अर्धा तास रिकामा टेम्पो पन्नासला दोन किलो विकत होता. मावशी जवळ आलेल्या माणसापुढे आवाज उतरवते, त्याचं मर्म मला त्या अर्ध्या तासात नीट कळलं. हाळी कुठे थांबवायची हे ज्याला कळतं त्याचीच हाळी ऐकवते.

सकाळच्या पहिल्या विक्रीची मात्र गोष्टच निराळी. तिला आम्ही भवानी म्हणतो. भवानी होईपर्यंत मावशी हळवी असते. पहिलं गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं तर दिवस कोरडा जाणार, अशी तिची श्रद्धा; म्हणून त्या वेळेची हाक अर्जासारखी येते. ‘भवानीची वेळ आहे, नको म्हणू नको. तुझ्या भावाने घे.’ हे ओळखून काही चतुर मंडळी दात घासून थेट मावशीकडे येतात. तीही कच्ची नाही. भवानीला ती भाव पाडते, पण मासा लहान देते. पैसे मिळाले की नोट डोळ्यांना, मग कपाळाला, मग तराजूला लावायची आणि पिशवीत टाकायची. फोनवरून पैसे यायला लागल्यापासून यात अडचण झाली होती. खोक्यावरचा स्पीकर बाईच्या आवाजात रक्कम सांगतो, पण कपाळाला काय लावणार? थोडे दिवस मावशी पहिल्या गिऱ्हाइकाकडे रोखच मागायची. आता ती तो स्पीकरच उचलून कपाळाला लावते. नंतर सवयीने त्यावर पाणीही शिंपडते.

जूनची पहिली तारीख आली की हे सगळं बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला मनाई, कारण तो माशांचा विणीचा काळ. खाडीचे मासे थोडेफार येतात, बाकी मावशीसमोर सुकट, सोडे आणि सुके बोंबील. सुक्या मासळीला हाक लागत नाही. तिचा वास तीन दुकानं आधीच सगळ्यांना नावानिशी बोलावतो. त्या दोन महिन्यांत मावशी एवढी गप्प बसते, की नारळी पौर्णिमेपर्यंत तीही आमच्या राम आळीतली दुकानदार वाटायला लागते. एखाद्याने सोडे मागितले तर चक्क ‘काय?’ म्हणते.

तिचं एक रूप मात्र बाजारात दिसत नाही. ते बघायचं तर बोटी लागतात तेव्हा मिरकरवाड्याच्या जेटीवर जावं लागतं. तिथे माल उतरतो, लिलाव पुकारला जातो आणि टोपलीच्या टोपली एका दमात जाते. तिथे मावशी गिऱ्हाईक असते. दिवसभर ज्या तोंडातून ‘बाय’ आणि ‘भावजी’ निघतात, ते तोंड तिथे घट्ट मिटलेलं. पुकारणारा कितीही लांब ‘डा’ काढो, ती वळून बघत नाही. हातात मासा घेते, नाक मुरडते, ‘नरम पडलाय’ म्हणून परत टाकते, चार पावलं जाते, पुन्हा येते. गेल्या हंगामात एक नवा पोरगा टोपलीमागे उभा होता. कुणीतरी त्याला धंदा शिकवला असावा. त्याने हसून, मान तिरकी करून तिला साद घातली, ‘या ना मावशी, किती दिवसांनी! तुमच्यासाठीच वेगळा काढून ठेवलाय!’

मावशीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘मावशी नंतर म्हण,’ ती म्हणाली, ‘आधी भाव सांग.’